कारखान्यात आग लागल्यावर ग्राहकांना कसं कळवायचं: पहिल्या फोनपासून डेव्हिएशन बंद होईपर्यंत

आग विझते, पंचनामा होतो आणि मग ऑफिसात बसून कुणीतरी सगळ्या ग्राहकांना एकच मेल टाकतो: 'दुर्दैवाने आमच्या कारखान्यात शॉर्टसर्किटमुळे आग लागली. आम्ही लवकरात लवकर उत्पादन सुरू करत आहोत. कृपया सहकार्य करावे.' कुपवाड, मिरज, पलूस, सातारा, कुठल्याही एमआयडीसीतून निघालेला असा मेल चाकणच्या खरेदी विभागात पोचला की तिथे एकच प्रश्न विचारतात: 'आमची लाइन कधी थांबणार?' या मेलमध्ये त्याचं उत्तर नसतं. उलट चौकशी व्हायच्या आधीच सांगितलेलं कारण त्यात असतं, आणि 'लवकरात लवकर' हा शब्द असतो. हे दोन्ही पुढे महागात पडतात.

खाली एकच उदाहरण धरून सगळा क्रम दिला आहे. समजा, कुपवाड एमआयडीसीत गिअर बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. टर्निंग, हॉबिंग, स्वतःची हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग एकाच आवारात. शनिवारी रात्री उशिरा क्वेंचिंग ऑइलच्या टाकीवर आग लागली. हीट ट्रीटमेंटची शेड गेली. शेजारच्या ग्राइंडिंग शेडमध्ये आणि तयार मालाच्या स्टोअरमध्ये धूर भरला, बंबाचं पाणीही आलं. टर्निंगची शेड आवाराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे वाचली. मुख्य ग्राहक चाकणचा, त्याच्या लाइनवर आपला एक गिअर रोज ४०० नग लागतो आणि लाइन सोमवार ते शनिवार चालते.

## आगीच्या आधीची तयारी

यावर फार वेळ घालवत नाही, कारण इथे दोनच गोष्टी लागतात. पहिली, प्रत्येक ग्राहकाकडच्या तीन माणसांचे मोबाइल नंबर: खरेदीवाला, क्वालिटीवाला आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारा प्लॅनिंगवाला. ही यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असून उपयोग नाही, कारण तोच जळतो किंवा भिजतो. ती मालक, प्रॉडक्शन मॅनेजर आणि डिस्पॅचवाला यांच्या फोनमध्ये हवी.

दुसरी, रोज शेवटची शिफ्ट संपताना कोणत्या पार्टचे किती नग कोणत्या टप्प्यावर आहेत याचा साधा तक्ता कारखान्याबाहेरच्या मेलवर गेलेला हवा. पुढचा सगळा हिशोब याच तक्त्यावर उभा राहतो. तो नसेल तर सुपरवायझरच्या आठवणीवर आकडे लिहिले जातात. आगीच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभर जागलेल्या माणसाची आठवण किती खरी असेल हे वेगळं सांगायला नको.

वाहन उद्योगाच्या साखळीतल्या कारखान्यांना ही तयारी तशीही करावीच लागते. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात आपत्कालीन योजनेच्या कलमात आगीचा उल्लेख आहे, ग्राहकाला कळवण्याची पद्धतही मागितली आहे. बऱ्याच ठिकाणी ही योजना ऑडिटच्या फाइलमध्येच राहते, एवढंच.

## टप्पा १: पहिला फोन, सकाळ व्हायच्या आत

माणसं सुरक्षित आहेत आणि आग आटोक्यात आली, एवढं कळलं की फोन करायचा. नुकसानीचा अंदाज येईपर्यंत थांबायचं नाही. आगीचे व्हिडिओ रात्रीतच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतात, सकाळी स्थानिक पेपरात 'लाखोंचे नुकसान' छापून येतं. ग्राहकाला तुमच्याआधी हा फॉरवर्ड मिळाला तर पुढच्या प्रत्येक आकड्यावर तो शंका घेतो.

फोन मालकाने किंवा प्रॉडक्शन मॅनेजरने करावा, डिस्पॅचच्या पोराने नव्हे. बोलायचं एवढंच:

'साहेब, अवेळी फोन करतोय. रात्री आमच्या हीट ट्रीटमेंट शेडला आग लागली. माणसं सगळी सुखरूप आहेत. तुमचा गिअर त्याच शेडमधून जातो, त्यामुळे पुरवठ्यावर परिणाम होणार. शनिवारी संध्याकाळी निघालेली गाडी ठीक आहे, ८०० नग तुमच्याकडे पोचतील. बाकी किती माल वाचलाय ते मोजतोय. आज दुपारी चारला आकडे घेऊन परत फोन करतो. तोपर्यंत तुमच्याकडे आजचा स्टॉक किती आहे तेवढं मला कळवा.'

शेवटचं वाक्य विसरायचं नाही. ग्राहकाकडचा स्टॉक कळल्याशिवाय लाइन कधी थांबणार हे काढता येत नाही, आणि तो आकडा फक्त त्याच्याकडेच असतो.

सावधान: कारण विचारतीलच. 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर द्या. 'शॉर्टसर्किट असावं' हा अंदाज मेलमध्ये गेला की तो कागद होतो. उद्या अग्निशमन दलाचा अहवाल किंवा विमा सर्व्हेअरचं मत वेगळं आलं तर हाच कागद तुमच्यासमोर ठेवला जातो. कुणी जखमी असेल तर तेही लपवू नका. आकडा सांगा, नाव सांगू नका, आणि घरच्यांना कळल्याशिवाय बाहेर काहीच सांगू नका.

## टप्पा २: माल गोठवा

पहिल्या फोननंतर लगेच स्टोअर, ग्राइंडिंग आणि पॅकिंग इथला सगळा माल 'होल्ड' करा. लाल टॅग लावा, गेटवर सांगून ठेवा की क्वालिटीच्या सहीशिवाय एकही बिन बाहेर जाणार नाही. घाईच्या वेळी नेमकं उलटं होतं. 'वरून थोडा काळा झालाय, पुसून पाठवून देऊ' असं कुणीतरी म्हणतं आणि सोमवारच्या गाडीत माल चढतो.

आगीतून वाचलेल्या मालात दोन दोष लपलेले असू शकतात, आणि दोन्ही डोळ्यांना लगेच दिसत नाहीत.

पहिला दोष गंजाचा. वायरींवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो धुरातून थंड धातूवर बसतो, हवेतला ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. काजळीचा पातळ थर दिसतो तेवढाच, पण एक-दोन दिवसांत ग्राइंड केलेल्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके उठतात. आग विझवायला मारलेली कोरडी पावडरही ओलावा ओढून धरते आणि धातू खाते. अशा मालावर नुसतं रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल मारणं ही सर्वांत वाईट चूक, कारण आम्ल तेलाखाली अडकतं आणि गंज ग्राहकाच्या स्टोअरमध्ये उमलतो. कोरड्या फडक्यानेही घासू नका. क्लीनरच्या पाण्याने धुवा, स्वच्छ क्षारमुक्त पाण्याने खळबळा, पूर्ण सुकवा आणि मगच ऑइल लावा. धुतलेल्यांपैकी काही नग दोन दिवस उघडे ठेवून बघा.

दुसरा दोष कडकपणाचा. कार्बुराइज केलेला गिअर साधारण १८० अंशांना टेम्पर केलेला असतो. आगीच्या धगीने त्यापेक्षा जास्त तापला तर त्याची हार्डनेस उतरते. दिसायला गिअर तसाच, पण ५८ ते ६२ एचआरसी हवी तिथे ५५ लागते. अंदाज घ्यायची एक सोपी खूण आहे: ज्या प्लॅस्टिक बिनमध्ये माल होता ती बिन बघा. एचडीपीई साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास. बिनचा आकार जसाच्या तसा असेल तर आतला माल टेम्परिंगच्या वर गेलेला नाही. बिन वाकली, बसली किंवा रॅकचा रंग फुगला असेल तर तो माल वेगळा काढा. तरीही प्रत्येक रॅकमधून नग काढून हार्डनेस घ्याच. बिन ही फक्त क्रम ठरवायची खूण आहे, रिपोर्ट नव्हे.

तपासा: हार्डनेस मशीन आणि गेज कुठे होते? तेही धुरात किंवा पाण्यात असतील तर आधी मास्टर ब्लॉकवर पडताळा, गरज पडली तर कॅलिब्रेशनला पाठवा. भिजलेल्या मशीनवर पास झालेला माल पास धरू नका.

सावधान: धुण्याआधी विमा कंपनीला कळवून सर्व्हेअरला माल दाखवा, किंवा माल हलवायची लेखी संमती घ्या. रॅकनुसार मोजणी आणि फोटो ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणं ही तुमचीच जबाबदारी असते, पण पुरावा पुसला गेला तर दावा अडतो. माल वाचवण्याची घाई आहे आणि का आहे, हे सर्व्हेअरला स्पष्ट सांगा.

## टप्पा ३: पार्टनुसार हिशोब

आता तो तक्ता. इथे कंटाळा करू नका, कारण पुढचं प्रत्येक आश्वासन यातून निघतं. प्रत्येक पार्ट नंबरसाठी ग्राहकाच्या लाइनपासून उलटं चालत या: त्याच्या स्टोअरमध्ये किती, वाटेत किती, आपल्या तयार स्टोअरमध्ये किती, हीट ट्रीटमेंटनंतरचे किती, हीट ट्रीटमेंटमध्ये किती, त्याआधीचे किती.

आपल्या गिअरचे आकडे असे निघाले असं धरू. ग्राहकाकडे १,२०० आणि वाटेत ८००, म्हणजे २,००० नग नक्की. रोज ४०० प्रमाणे सोमवार ते शुक्रवार पाच दिवस भागतात. तयार स्टोअरमध्ये १,६०० होल्डवर. ग्राइंडिंगमध्ये ९०० होल्डवर. फर्नेस आणि तिच्याजवळच्या ट्रॉल्यांमधले १,१०० गेले, ते भंगारात धरा. टर्निंग शेडमध्ये अजून हीट ट्रीटमेंट न झालेले २,४०० मऊ गिअर सुरक्षित.

म्हणजे होल्डवरचा काहीच माल पास झाला नाही तर लाइन शनिवारी सकाळी थांबते. तयार १,६०० पास झाले तर शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार असे आणखी चार दिवस मिळतात. ग्राइंडिंगमधले ९०० सध्या हिशोबात धरू नका. त्यांचं पुढचं काम वीज आल्यावरच होणार.

एकच तारीख न देता दोन तारखा द्यायच्या आणि त्यांच्यामध्ये कोणती तपासणी उभी आहे ते सांगायचं, ही या सगळ्या प्रकारातली मुख्य गोष्ट. 'शनिवारी थांबेल, पण १,६०० नग पास झाले तर पुढच्या गुरुवारपर्यंत थांबणार नाही. तपासणीचा निकाल बुधवारी संध्याकाळी.' एवढं वाचलं की ग्राहकाचा प्लॅनर आपलं काम करू शकतो: दुसरं मॉडेल पुढे घेतो, दुसऱ्या पुरवठादाराकडे असेल तर तिथून उचलतो. त्याला वाईट बातमी चालते. शुक्रवारी रात्री कळलेली वाईट बातमी चालत नाही.

नेहमीची चूक: होल्डवरचा माल 'उपलब्ध' म्हणून दाखवणे. मालकाला आकडा मोठा दिसावासा वाटतो, ते समजण्यासारखं आहे. पण तपासणीत ६०० नग गेले की तुम्ही सांगितलेली तारीख दुसऱ्यांदा बदलते, आणि मग तिसरी तारीख कुणीच ऐकत नाही.

याच वेळी ग्राहकाच्या मालकीच्या वस्तूंचीही यादी करा: त्याने दिलेली गेज, फिक्स्चर, पॅकिंगच्या ट्रॉल्या, जॉबवर्कसाठी पाठवलेलं मटेरियल. काय वाचलं, काय गेलं, काय अजून बघायचंय. हे तुमच्या ताब्यात असलं तरी तुमचं नाही, त्यामुळे त्याला कळवणं वेगळं बंधनकारक आहे. तुमच्या पॉलिसीत दुसऱ्याचा सांभाळायला ठेवलेला माल स्पष्ट लिहिलेला आहे का तेही बघा. नसेल तर भरपाईबद्दल काहीही बोलायच्या आधी विमा सल्लागाराशी बोला.

## टप्पा ४: लेखी कळवणं, चोवीस तासांच्या आत

प्रत्येक ग्राहकाला वेगळा मेल. सगळ्यांना एकच मेल पाठवला की एकाचा स्टॉक दुसऱ्याला कळतो आणि कुणालाच स्वतःचं उत्तर मिळत नाही. मेल इंग्रजीत जाणार हे खरं, पण मजकूर आधी मराठीत लिहून काढा. काय माहीत आहे आणि काय नाही, हे आपल्या भाषेत लिहिताना लगेच उघडं पडतं.

विषयाच्या ओळीतच पार्ट नंबर आणि तारीख द्या. मजकूर असा:

> शनिवारी रात्री उशिरा आमच्या हीट ट्रीटमेंट शेडला आग लागली. कुणीही जखमी नाही. कारणाची चौकशी चालू आहे.
>
> तुमच्या गिअरचा नक्की असलेला साठा २,००० नग (तुमच्याकडे १,२००, वाटेत ८००). रोजच्या ४०० नगांप्रमाणे शुक्रवारअखेर पुरेल.
>
> आमच्या स्टोअरमधले १,६०० तयार नग होल्डवर आहेत. गंज आणि हार्डनेस तपासून निकाल बुधवारी सायंकाळी ६ पर्यंत कळवू. पास झाल्यास पुढच्या बुधवारअखेर पुरवठा राहील. तुमच्या परवानगीशिवाय यातला एकही नग पाठवणार नाही.
>
> हीट ट्रीटमेंट तात्पुरती बाहेरून करण्याचा प्रस्ताव उद्या पाठवतो. त्याला तुमची मंजुरी लागेल.
>
> तुमच्या मालकीची गेज आणि ट्रॉल्या यांची यादी सोबत जोडली आहे.
>
> पुढची माहिती: उद्या सायंकाळी ५.

एवढंच. 'दुर्दैवाने', 'आपले जुने संबंध' वगैरे फोनवर बोला.

सावधान: फोर्स मेजरची, म्हणजे हाताबाहेरच्या घटनेमुळे करार पाळता येत नाही अशी, नोटीस या मेलमध्ये घुसडू नका. ती वेगळी असते. आधी खरेदी ऑर्डरच्या अटी काढून वाचा: असं कलम आहे का, आग त्यात आहे का, किती दिवसांत आणि कोणत्या पत्त्यावर लेखी कळवायचं आहे. मुदत चुकली तर कलम असूनही हातातून जातं. कलमच नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५६ आहे म्हणून निवांत राहू नका. करार पाळणं अशक्य झालं तर ते लागू होतं, नुसतं महाग किंवा अवघड झालं म्हणून नाही. मऊ गिअर हातात आहेत आणि कोल्हापुरात बाहेरची फर्नेस मिळते, तर अशक्य म्हणता येत नाही. पत्र वकिलाला दाखवून पाठवा.

## टप्पा ५: उत्पादन पुन्हा उभं करण्याचा आराखडा

इथे सर्वांत मोठी चूक चांगल्या हेतूने होते. शिरोलीत ओळखीचा हीट ट्रीटमेंटवाला असतो, तो रात्रीत काम करून द्यायला तयार होतो, आणि ग्राहकाला न विचारता लॉट लागतो. प्रक्रियेची जागा बदलली किंवा उपपुरवठादार बदलला की ग्राहकाला आधी कळवून त्याची मंजुरी घ्यावी लागते, हा पीपीएपीचा, म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या पद्धतीचा, नियम आहे. आग लागली म्हणून तो माफ होत नाही. मंजुरीशिवाय गेलेला लॉट नंतर उघडकीला आला तर आगीपेक्षा मोठं प्रकरण होतं.

म्हणून प्रस्ताव असा पाठवा: कुणाकडे करणार, त्यांच्याकडे सीक्यूआय-९ हे हीट ट्रीटमेंटचं मूल्यांकन झालंय का, फर्नेस कोणती, सायकल कोणती, चाचणी लॉट किती, कोणते रिपोर्ट देणार. तात्पुरत्या डेव्हिएशनची, म्हणजे मंजूर पद्धतीपेक्षा वेगळ्या पद्धतीने माल करायच्या परवानगीची, मुदत आणि नगांची मर्यादाही स्वतःच सुचवा. मुदत नसलेली विनंती क्वालिटीवाला सहसा अडवून ठेवतो.

आपल्या उदाहरणात वेळ अशी बसते. मंगळवारी २०० नगांचा चाचणी लॉट कोल्हापूरला. गुरुवारी पृष्ठभागाची हार्डनेस, नग कापून मोजलेली केस डेप्थ म्हणजे कडक थराची खोली आणि विकृतीची मापं हातात. शुक्रवारी मंजुरी. त्या रात्री उरलेले २,२०० नग फर्नेसवर चढायला लागतात, रविवारी पहिले लोड परत येतात. सोमवार-मंगळवार ग्राइंडिंग करून मंगळवारी रात्रीच्या गाडीने पहिले ८०० नग निघतात, ते बुधवारी सकाळी चाकणला.

आता हे टप्पा ३ च्या हिशोबाशेजारी ठेवा. १,६०० नग पास झाले तर त्यांतले शेवटचे बुधवारी वापरले जातात आणि नवा माल बुधवारी सकाळीच येतो: लाइन थांबत नाही, फक्त एका दिवसाची सवलत राहते. ते नापास झाले तर शनिवार, सोमवार आणि मंगळवार असा तीन दिवसांचा, १,२०० नगांचा तुटवडा. म्हणजे या आठवड्यात तुमचे सगळ्यांत चांगले लोक फर्नेसच्या राखेजवळ उभे राहायला नकोत. ते स्टोअरमध्ये तपासणीवर हवेत. मालक मात्र बहुतेक वेळा जळालेल्या शेडमध्येच सापडतो.

आराखड्यात प्रत्येक तारखेखाली तिची अट लिहा. वरच्या वेळापत्रकाच्या अटी तीन: ग्राइंडिंग शेडची वीज रविवारपर्यंत चालू होणं, शुक्रवारी मंजुरी मिळणं, आणि हीट ट्रीटमेंटनंतरची विकृती ग्राइंडिंगच्या अलाउन्समध्ये बसणं. तिसरीकडे लोक दुर्लक्ष करतात. दुसऱ्या फर्नेसमध्ये, दुसऱ्या क्वेंच ऑइलमध्ये तोच गिअर वेगळा वाकतो, आणि मग हार्डनेस बरोबर असूनही ग्राइंडिंगला मटेरियल उरत नाही.

तपासा: ग्राइंडिंग मशीनचे पॅनल उघडून बघितले का? धुराचा तोच वायू इलेक्ट्रॉनिक कार्डांवरही बसतो. साफ न करता वीज दिली तर मशीन चालू होतं, आणि काही दिवसांनी बंद पडतं. 'मशीन वाचली' असं ग्राहकाला कळवायच्या आधी हे करून घ्या.

स्वतःची नवी हीट ट्रीटमेंट कधी उभी राहील, याची तारीख या आराखड्यात देऊ नका. सर्व्हे, शेड, फर्नेसची ऑर्डर, परवानग्या यांतलं काहीच अजून ठरलेलं नसतं. 'तोपर्यंत बाहेरून करू. स्वतःच्या शेडचं वेळापत्रक अमुक तारखेला देऊ' एवढं पुरे.

## टप्पा ६: रोजचा निरोप

ठरलेल्या वेळी रोज एक मेल, तोच तक्ता, बदललेले आकडे वेगळ्या रंगात. सांगण्यासारखं काही नसेल तरी 'आज बदल नाही' असा जातोच. पाचचा मेल सहालाही आला नाही की ग्राहकाचा माणूस गाडी काढून कुपवाडला निघतो. मग तपासणी सोडून सगळे त्याला शेड दाखवत फिरतात.

ग्राहकाशी बोलणारा माणूस एकच ठेवा. मालक एक तारीख सांगतो, डिस्पॅचवाला ड्रायव्हरला दुसरी आणि सुपरवायझर ओळखीच्या इंजिनिअरला तिसरी. ग्राहक यातली सर्वांत लवकरची लक्षात ठेवतो.

तारीख हुकणार असं दिसलं की त्याच क्षणी फोन, मग मेल. ठरलेल्या वेळेची वाट बघू नका.

## टप्पा ७: बंद करताना

स्वतःची फर्नेस पुन्हा चालू झाली की तो पुन्हा एक बदल धरला जातो. तापमानाची एकसमानता तपासणे, चाचणी लॉट, रिपोर्ट, ग्राहकाची मंजुरी हे सगळं परत करायचं. आणीबाणीनंतर सुरू केलेलं उत्पादन ग्राहकाच्या मापात बसतंय याची खातरजमा आयएटीएफलाही हवी असते.

बाहेर हीट ट्रीट झालेल्या पहिल्या आणि शेवटच्या लॉटचे नंबर, त्यांच्या चलनांचे नंबर आणि आगीतून वाचून पास झालेल्या १,६०० नगांच्या बिनचे नंबर एका पत्रावर लिहून ग्राहकाच्या क्वालिटीला द्या. सहा महिन्यांनी एखाद्या गिअरवर गंज किंवा तडा दिसला तर शोध या पत्रापासून सुरू होतो. ते नसेल तर तुमचा त्या काळातला सगळा माल संशयित धरला जातो. डेव्हिएशन बंद झाल्याचा त्यांचा मेल येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तो मेल स्वतःहून येत नाही, मागावा लागतो.